सहा परिचय, पण वजन एकाचेच?

गेल्या वर्षी आम्ही सहा जणांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी एक मदत शिबिर घ्यायचे ठरवले. जात प्रमाणपत्र, वैधता, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज, प्रवेश, वसतिगृह, अशी सगळी कामे एका छताखाली व्हावीत असा विचार होता. त्यासाठी चार पानी माहितीपत्रक छापले. तिसऱ्या पानावर आमचे सहा परिचय होते. ज्याने त्याने आपला परिचय आपणच लिहावा, असे लोकशाही पद्धतीने ठरले आणि तिथेच चूक झाली.

छापून आल्यावर आमच्यातल्या एकाने सहज शब्द मोजले. प्राध्यापकांचा परिचय 81 शब्दांचा, वकिलांचा 74, निवृत्त गुरुजींचा 46. ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या तरुणाचा 19. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा 14. आणि बचत गटाच्या ताईंचा फक्त सात: 'सामाजिक कार्याची आवड. सर्वांच्या मदतीला नेहमी तत्पर.'

शिबिराच्या दिवशी या आकड्यांचा अर्थ कळला. बुद्धविहाराच्या सभागृहात सहा टेबले होती. दोन टेबलांसमोर दारापर्यंत रांग आणि चार टेबले रिकामी. आर्णीकडच्या एक बाई तासभर प्राध्यापकांसमोरच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलाच्या प्रमाणपत्रासाठी जुना पुरावा सापडत नव्हता. प्राध्यापकांनी त्यांना ताईंकडे पाठवले, कारण हे काम ताईंइतके आमच्यात कोणालाच येत नाही. त्या बाई जागच्या हलेनात. म्हणाल्या, "सर, तुम्हीच सांगा ना. त्या काय सांगतील? कागदावर त्यांचं तर काही लिहूनच नाही."

त्या बाईंची चूक नव्हती. आम्हीच त्यांच्या हातात दिलेल्या कागदावर लिहून ठेवले होते की या सहांपैकी दोघे जाणकार आहेत आणि एक बाई मदतीला तत्पर आहेत. त्यांनी आमच्या कागदावर विश्वास ठेवला, इतकेच.

म्हणून हा लेख. संघटना, शिबिरे, अभ्यासिका, कायदा मदत केंद्रे चालवणारे आपले तरुण आता सर्रास अशी पत्रके काढतात. त्यातल्या परिचयांचे पान आपण सगळ्यात शेवटी, छपाईच्या आदल्या रात्री भरतो. आमचे म्हणणे असे की ते पान म्हणजे संघटनेतल्या सत्तेचा नकाशा असतो, आणि आपण लक्ष दिले नाही तर तो नकाशा जुन्याच उतरंडीचा निघतो.

हे घडते कसे?

कोणी जाणूनबुजून ताईंना लहान केले नव्हते. ज्याच्याकडे पदवी आहे त्याच्याकडे बायोडाटा तयार असतो. त्याने तो नोकरीसाठी, परिषदेसाठी अनेकदा लिहिलेला असतो; इथे फक्त चिकटवायचा असतो. ज्याने काम केले पण कधी कुठे अर्ज केला नाही, त्याच्यापुढे कोरा कागद येतो. "माझं काय लिहायचं बाबा, तुम्हीच टाका दोन ओळी," असे तो म्हणतो. मग दुसरा कोणीतरी घाईत 'आवड', 'तळमळ', 'तत्पर' असले शब्द टाकतो. हे शब्द कौतुकाचे वाटतात, पण त्यातून माहिती काहीच मिळत नाही. त्या माणसाला काय येते हे ज्याला ठाऊक नाही, तोच असे शब्द वापरतो.

दुसरी गोष्ट, परिचय कधी एकटा वाचला जात नाही. एकाच पानावर सहा परिचय असले की वाचणारा नकळत तुलना करतो. ताईंचा सात शब्दांचा परिचय एकटा असता तर साधा वाटला असता. 81 शब्दांच्या शेजारी तो रिकामा वाटतो. म्हणून एकाचा परिचय सुधारून भागत नाही, सगळा संच एकत्र बघावा लागतो.

या मांडणीला इतिहास आहे. 20 जुलै 1924 रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांत र. पु. परांजपे, बाळ गंगाधर खेर अशी नावे होती. स्वतः बाबासाहेब कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष आणि सीताराम शिवतरकर चिटणीस. म्हणजे वर प्रतिष्ठित नावे आणि खाली प्रत्यक्ष काम करणारे. सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले. सरकारदरबारी आणि देणगीदारांपुढे उभे राहायचे तर अशी नावे वर असणे त्या काळी उपयोगाचे होते. आम्ही त्याला दोष देत नाही. पण आज आपल्या पत्रकाचा वाचक सरकार किंवा देणगीदार नाही. तो आर्णीच्या त्या बाईंसारखा आहे. त्याला नेमक्या माणसापर्यंत पोहोचायचे आहे. वाचक बदलला, तरी 'मान्यवर वर, कार्यकर्ते खाली' ही मांडणी मात्र आपण तशीच उचलत आलो.

आम्ही पत्रक पुन्हा कसे लिहिले

दुसऱ्या शिबिराच्या आधी आम्ही एक नियम केला: स्वतःचा परिचय स्वतः लिहायचा नाही. दोघादोघांच्या तीन जोड्या केल्या. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे, मग उलट. प्राध्यापकांचा परिचय ताईंच्या तोंडून, ताईंचा प्राध्यापकांच्या हातून. सगळ्यांना प्रश्न तेच चार: रोजचा उद्योग काय? हे काम कोणत्या वर्षापासून करता? नेमके काय करून देता, शेवटचे कोणाचे काय केले? कोणती अडचण असेल तर लोकांनी तुमच्याकडेच यावे?

तिसऱ्या प्रश्नावर सगळा खेळ आहे. 'मार्गदर्शन करतो' हे उत्तर आम्ही चालवून घेतले नाही. शेवटचे कोण आले होते, त्याच्या हातात कोणता कागद होता, जाताना कोणता कागद घेऊन गेला, हे विचारले. ताई बोलायला लागल्या आणि प्राध्यापकांची वही पुरेना. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, हे आम्हा सर्वांना पाठ होते. पण तो पुरावा भूमिहीन मजुराच्या घरात कुठून येणार, हे ताईंना माहीत होते. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांचा धाकटा भाऊ गेला असेल. त्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर बघायचे. तेही नसेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदीचे कोतवाल बुक, त्याची नक्कल तहसीलमधून काढायची. गाव बदलले असेल तर आधी मूळ गाव कोणते ते म्हातारीला विचारायचे. हे ज्ञान कोणत्याही पदवीत शिकवत नाहीत.

त्या वहीतून ताईंचा परिचय असा उतरला:

'बचत गटाच्या अध्यक्षा, शेतमजूर. 2016 पासून गावोगावच्या कुटुंबांबरोबर जात प्रमाणपत्राची कागदपत्रे शोधतात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला यांतला कोणता कागद आपल्याकडे निघू शकतो आणि त्यासाठी कुठे अर्ज करायचा, हे सांगतात. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मिळत नसेल, तर आधी यांना भेटा.'

आणि प्राध्यापकांचा असा:

'महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात, पीएच.डी. 2011 पासून बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम आणि महाविद्यालय निवडायला मदत करतात. फी किती, शिष्यवृत्तीत त्यातली कोणती रक्कम बसते, वसतिगृह नसेल तर स्वाधार योजनेत अर्ज करता येतो का, हा हिशेब घरच्यांसमोर मांडून दाखवतात. प्रवेश घेण्याआधी खर्चाचा अंदाज हवा असेल, तर आधी यांना भेटा.'

पहिला 46 शब्दांचा, दुसरा 45. मर्यादा 40 ते 50 ठेवली होती. प्राध्यापकांचे शोधनिबंध, चर्चासत्रे, पुरस्कार गेले. सुरुवातीला त्यांना ते लागले, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण वाचल्यावर तेच म्हणाले की आधीच्या 81 शब्दांत मी शिबिरात काय करतो हे एकदाही आले नव्हते.

शब्द सारखे केले तरी वजन सारखे होत नाही

लांबी समान झाली की काम संपले असे आम्हाला वाटले होते. मोठ्याने वाचून पाहिल्यावर तसे नसल्याचे कळले.

पहिले सापडले ते आपल्या भाषेतले आदरार्थी रूप. प्राध्यापक 'मदत करतात', वकील 'समजावून सांगतात', पण अर्ज भरणारा तरुण 'फॉर्म भरतो' आणि विद्यार्थिनी 'शिकते'. एकाच पानावर चौघे अनेकवचनी आणि दोघे एकवचनी. घरी आम्ही त्या दोघांना अरे-अगं म्हणतो, म्हणून हात तसा वळला. पण वाचणाऱ्याला तिथे वय आणि हुद्दा दिसतो. सहाही परिचय 'करतात' मध्ये आणले.

क्रियापदांचेही तसेच. मोठ्यांच्या वाट्याला 'मार्गदर्शन', स्त्रियांच्या वाट्याला 'सहकार्य', तरुणांच्या वाट्याला 'हातभार'. एकच काम, पण करणारा कोण यावरून शब्द बदलतो. आम्ही हे तिन्ही शब्द काढून टाकले. जो जे करतो ते क्रियापद ठेवले: शोधतात, भरून देतात, तपासतात, समजावून सांगतात.

मग नावे. 'प्रा. डॉ.', 'अ‍ॅड.', 'श्री.', 'कु.', 'ताई' असे पाच प्रकार एका पानावर होते. पुरुषाच्या नावापुढे त्याची पदवी आणि बाईच्या नावापुढे तिचे लग्न झाले की नाही हे. सगळी बिरुदे नावापुढून काढली. शिक्षण सांगायचे ते परिचयाच्या मजकुरात. आडनावावर बराच वाद झाला. विद्यार्थिनीला आडनाव नको होते; आडनाव ऐकून शहरात खोली नाकारली गेल्याचा अनुभव तिच्या गाठीशी आहे. गुरुजींचे म्हणणे होते की आडनाव लपवायचे कशाला, ते छाती पुढे काढून सांगायचे. दोघेही बरोबर. पण पाच जणांची आडनावे आणि एकीचे नुसते नाव, असे छापले तर ती लहान पोर वाटणार. शेवटी सहाही जणांचे नाव आणि गाव एवढेच छापले. उलटे ठरले असते तरी चालले असते, अट एवढीच की नियम सहाही जणांना सारखा हवा.

फोटोंचेही तेच. वकिलांचा स्टुडिओतला कोटातला, ताईंचा समूहफोटोतून कापलेला, धूसर. अंधुक फोटोखाली कितीही चांगले लिहा, माणूस अंधुकच वाटतो. एका दुपारी विहाराच्या एकाच भिंतीपुढे सहाही फोटो एका मोबाइलने काढले.

क्रम वयाने, पदवीने की अकारविल्हे? आम्ही कागदाचा प्रवास धरला. आधी पुरावा, मग प्रमाणपत्र, मग ऑनलाइन अर्ज, मग अभ्यासक्रमाची निवड, मग प्रतिज्ञापत्रे, शेवटी वसतिगृह. या क्रमाने ताई पहिल्या आल्या. हा मान त्यांना आम्ही दिलेला नाही. लोकांची अडचणच तिथून सुरू होते.

तीन खड्डे

समतोल साधताना आम्ही तीनदा पडता पडता वाचलो.

पहिला खड्डा फुगवण्याचा. ताईंच्या दुसऱ्या मसुद्यात कोणीतरी 'ज्येष्ठ समाजसेविका' घातले होते आणि तिसऱ्यात 'फारसे शिक्षण नसतानाही'. दोन्ही काढले. पहिला शब्द खोटे वजन चढवतो, दुसरा दया मागतो. नागपुरात हमाली केलेल्या आणि पुढे मुलींची शाळा काढलेल्या जाईबाई चौधरींचा परिचय नुसता 'थोर शिक्षणतज्ज्ञ' असा दिला तर त्यांची वाट पुसली जाते आणि नुसती हमाली सांगितली तर त्यांचे काम पुसले जाते. 'हमाली केली' आणि 'शाळा काढली' ही दोन क्रियापदे शेजारी ठेवली की पुरे, विशेषण लागत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांना विचारून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली सिद्ध केले, तेही याच पद्धतीचे काम होते: विचारायचे आणि केलेले काम लिहायचे.

दुसरा खड्डा कायद्याचा, आणि तो वकिलांनीच दाखवला. त्यांच्या जुन्या परिचयात 'जात वैधता प्रकरणांतील तज्ज्ञ' असे होते आणि खाली कार्यालयाचा क्रमांक. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 36 वा नियम वकिलाला जाहिरात करायला आणि काम मागायला मनाई करतो. पाटीवर अमुक कामात आपण विशेष आहोत असे लिहायलाही त्यात बंदी आहे. म्हणून 'तज्ज्ञ' गेले, क्रमांक गेला आणि 'आधी यांना भेटा' ही ओळही त्यांना आपल्या नावाखाली नको वाटली. आता पाच परिचयांत ही ओळ आणि एकात नाही, असे झाले असते तर वकील बिनकामाचे वाटले असते. म्हणून सहाही परिचयांची शेवटची ओळ बदलली: अडचण लिहायची आणि पुढे फक्त 'टेबल 1', 'टेबल 5'. फोन एकच, गटाचा. एका परिचयातल्या अडचणीमुळे सहा परिचय बदलले. संच म्हणतात तो यालाच.

तिसरा खड्डा शेवटच्या रात्रीचा. मजकूर पक्का झाल्यावर आमच्यातल्या एकाने छापखान्याला परस्पर व्हॉट्सअ‍ॅप केले, 'माझ्यात एवढी एक ओळ वाढवा.' एका ओळीने काय होते, असे वाटते. पण ती बघून दुसरा एक ओळ वाढवतो आणि ज्याला मागायची सवय नाही तो मागेच राहतो. आता नियम असा की छापखान्याशी एकच जण बोलेल आणि एका परिचयात एक शब्द बदलला तरी सहाही पुन्हा एकत्र, मोठ्याने वाचले जातील.

कसे ओळखायचे?

छापण्याआधी आम्ही दोन परीक्षा घेतो. पहिली, नावे आणि फोटो झाकून परिचय शेजारच्या मुलाला वाचायला द्यायचे आणि विचारायचे की यात सगळ्यात मोठा कोण आणि सगळ्यात लहान कोण. त्याने लगेच बोट ठेवले तर काहीतरी चुकले आहे. तो बुचकळ्यात पडला तर ठीक. दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची. शिबिराशी संबंध नसलेल्या माणसाला तीन अडचणी सांगायच्या आणि प्रत्येकीसाठी तू कोणाकडे जाशील हे विचारायचे. आमचा मसुदा पहिल्यांदा या परीक्षेत नापास झाला. विद्यार्थिनीचा परिचय लांबीने आणि शब्दांनी बरोबर होता, पण ती नेमके काय करते हे तिच्या शेवटच्या ओळीत नव्हते. 'वसतिगृहाचा अर्ज नाकारला गेला असेल, तर' एवढे घातल्यावर लोकांची बोटे तिच्याकडे वळली.

आता काही मित्र म्हणतील, पदव्या लपवायच्या का? बाबासाहेबांनी आपल्या पदव्या अभिमानाने लावल्या. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्याच्या पोराने मिळवलेली पीएच.डी. का झाकायची?

झाकायची नाहीच. प्राध्यापकांची पीएच.डी. वरच्या परिचयात आहे, चौथ्या शब्दावर. गावातल्या मुलीने ती वाचावी अशीच आमची इच्छा आहे. आमचा आक्षेप पदवीला नाही, पदवीने बाकीच्यांच्या ज्ञानावर सावली पाडण्याला आहे. समतोल म्हणजे सगळ्यांना सगळे सारखे येते असा देखावा नव्हे. प्रतिज्ञापत्राचे ताईंना विचारू नका आणि कोतवाल बुकाचे वकिलांना विचारू नका, हे पत्रकाने स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याच्या त्याच्या कामापुरता प्रत्येक जण सारखाच भरवशाचा आहे, एवढेच त्या पानाने पटवायचे आहे. आणि जो भरवशाचा नाही, ज्याने काम केलेलेच नाही, त्याला चार प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. सुंदर शब्दांनी त्याला सावरू नका. त्याचे नाव त्या पानावर असावे का, हाच प्रश्न बैठकीत घ्या.

दुसऱ्या शिबिरात रांगा सहाही टेबलांसमोर होत्या, असे आम्ही म्हणणार नाही. वकिलांची रांग तरीही सगळ्यात लांब होती. एका कागदाने वर्षांची सवय जात नाही. पण टेबल 1 समोर सकाळपासून माणसे बसली होती आणि त्यांना तिथे कोणी पाठवले नव्हते. पत्रक वाचून आली होती. ताईंसमोर एक आजोबा पत्रक उघडून त्यातल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कोतवाल बुक लिहिलं ना तुम्ही, ते आमच्या गावचं कुठं मिळंल?"

तुमच्या संघटनेचे शेवटचे पत्रक काढा. परिचयांचे पान उघडा आणि शब्द मोजा. सगळ्यात छोटा परिचय कोणाचा आहे ते बघा आणि पुढच्या बैठकीत त्या माणसाला पहिला प्रश्न विचारा: शेवटचे कोण आले होते, आणि जाताना काय घेऊन गेले?

जय भीम.